दाजी, येताना एक लेन्स आणाल का?

*मी सातारा जिल्ह्यात शाळामास्तर आहे. पावसाळा सरता सरता कासच्या पठारावर जाऊन बारीक फुलांचे आणि किड्यांचे फोटो काढायचा नाद आहे. कॅमेरा कॅननचा आर१०. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी दहा दिवस जपानला निघालेत. मी त्यांना निरोप टाकला: "दाजी, जमलं तर येताना कॅननची १०० मॅक्रो लेन्स घेऊन या ना. तिकडे स्वस्त मिळते. पैसे देतो." त्यांचं उत्तर आलं, "बघतो. फोटो पाठव." बायको म्हणते, दाजींना असलं काही सांगायचं नसतं, ताईला ऐकून घ्यावं लागतं. मित्र म्हणतो, डबा तिथेच टाकून लेन्स बॅगेत गुंडाळून आणायला सांग, कस्टमवाले विचारत नाहीत. मला लेन्स हवी आहे, पण नात्यात कडूपणा नको. निरोप कसा लिहू?*

दाजींचं "बघतो" हा होकार नाही आणि नकारही नाही. तुम्ही काय मागताय ते त्यांना कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून त्यांनी फोटो मागितला, आणि घोळ तिथूनच सुरू होईल. तुम्ही इंटरनेटवरचा एक फोटो पाठवाल. त्यात एक काळी नळी आणि तिच्यावर एक लाल कडं असेल. दाजी तो फोटो दुकानात दाखवतील आणि समोरचा विनम्रपणे विचारेल, यातली नेमकी कुठली? कारण कॅननच्या "१०० मॅक्रो" नावाने आजवर विकल्या गेलेल्या काळ्या नळ्या एकाहून जास्त आहेत.

तुमचा कॅमेरा आरएफ माउंटचा आहे. त्याला सरळ बसेल ती २०२१ साली आलेली आरएफ १०० एफ२.८ एल मॅक्रो आयएस. तिच्या आधीची, २००९ची, ईएफ १०० एफ२.८ एल मॅक्रो आयएस. आकडे तेच, लाल कडं तेच, नावात फरक फक्त पहिल्या दोन अक्षरांचा. पण ती जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठी आहे. आर१०वर लावायची तर मध्ये वेगळा अडॅप्टर लागतो. त्याही आधीची एक ईएफ १०० मॅक्रो आहे, तिला लाल कडं नाही आणि आयएसही नाही. शिवाय दुकानात १०० शिल्लक नसेल तर विक्रेता चांगल्या मनाने आरएफ ८५ एफ२ मॅक्रो पुढे करील. ती तुमच्या कॅमेऱ्याला बसते आणि बरीच स्वस्तही पडते, मग दाजींना वाटेल की मेव्हण्याचे पैसे वाचवले.

पुष्कळ जण खात्रीसाठी निरोपात फिल्टरचं माप लिहितात. इथे त्याचा काही उपयोग नाही. आरएफ १००, एलवाली ईएफ १०० आणि आरएफ ८५, तिघींच्या तोंडाचं माप ६७ मिलिमीटरच आहे. "मॅक्रो", "आयएस" आणि "कॅनन" हे शब्दही तिघींवर सापडतील. वेगळेपण नावाच्या सुरुवातीला आहे: आरएफ, आणि लगेच १००. दाजींना पाहायच्या त्या एवढ्याच दोन गोष्टी. बाकी तपशील लिहाल तेवढा गोंधळ वाढेल.

मी स्वतः हा धडा पैसे मोजून शिकले. अमेरिकेतून येणाऱ्या आत्येभावाला मी पन्नास मिलिमीटरची एक लेन्स सांगितली होती. आकडा बरोबर होता, एफचा आकडाही बरोबर होता, माउंट लिहायचं राहिलं. त्याने दोन दुकानं पालथी घालून अगदी मनापासून आणलेली ती लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसेना. त्याला ते सांगायला मला आठवडा लागला. लेन्स अजून कपाटात आहे आणि तो घरी आला की मी ते कपाट उघडत नाही.

आता एक आडवा प्रश्न. तुम्हाला हीच लेन्स हवी, हे कशावरून ठरवलंत? तुम्ही कासवरच्या बारीक फुलांचा उल्लेख केलात, म्हणून हिशेब मांडून बघू. आर१०चा सेन्सर साधारण २२.३ मिलिमीटर रुंद आहे. आरएफ १०० वस्तूला सेन्सरवर १.४ पट मोठं करते, म्हणजे अगदी जवळ गेल्यावर जेमतेम १६ मिलिमीटर रुंदीचा तुकडा अख्ख्या फोटोत भरतो. जुनी ईएफ एकास एक देते, तेव्हा तुकडा २२ मिलिमीटरचा. आरएफ ८५ निम्म्यापर्यंतच जाते, तुकडा ४४-४५ मिलिमीटरचा. सीतेच्या आसवांचं एक फूल जेमतेम सेंटीमीटरभर असतं. ८५ने काढलं तर ते फोटोच्या पाव रुंदीत बसेल आणि बाकी सगळं गवत. तिथे १०० हवीच. पण तुमचा जास्त वेळ फुलपाखरांत आणि तेरड्याच्या ताटव्यांत जात असेल, तर एवढं जवळ तुम्ही क्वचितच जाल. तुमच्या कॅमेऱ्याच्या आत हादरे सावरणारी सोय नाही, म्हणून लेन्समध्ये आयएस असणं मात्र वाऱ्याच्या पठारावर उपयोगी पडेल. अर्थात आयएस तुमचा हात सावरतो, वाऱ्याने हलणारं फूल नाही. गेल्या दोन मोसमांतले फोटो उघडून बघा आणि कितींमध्ये तुम्हाला "अजून जवळ जाता आलं असतं तर" असं वाटलं ते मोजा. उत्तर "पुष्कळ" आलं तर पुढचं वाचा.

तुमच्या निरोपातला मला सर्वांत खटकलेला शब्द "स्वस्त". जपानमध्ये पाटीवरच्या किमतीत १० टक्के उपभोग कर असतो. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला पासपोर्ट दाखवून तो वाचवता येतो. जपानी दुकानांत या सवलतीला "मेन्झेई" म्हणतात आणि मोठ्या दुकानांत तिचा वेगळा काउंटरच असतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलते आहे: आधी करासकट पूर्ण रक्कम भरायची आणि देश सोडताना विमानतळावर वस्तू जवळ असल्याची खात्री झाली की कर परत मिळायचा. दाजी त्या तारखेनंतर जात असतील तर त्यांच्याकडे दहा टक्के जास्त पैसे लागतील आणि विमानतळावर थोडा जास्त वेळ. सवलत पासपोर्टधारकाने वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी असते, म्हणून लेन्स त्यांच्याच सामानातून यायला हवी. तिथे राहणाऱ्या सहकाऱ्याच्या नावाने घेऊन चालणार नाही.

एवढं ऐकून लेन्स स्वस्तच वाटेल. आता परतीचा प्रवास. भारतात राहणारा माणूस परदेशातून परतताना ठरावीक किमतीपर्यंतचं नवं सामान करमुक्त आणू शकतो. २०१६च्या बॅगेज नियमांत ही मर्यादा ५०,००० रुपये होती आणि त्यावरच्या किमतीवर अधिभारासकट ३८.५ टक्के कर बसायचा. सरकार हे आकडे बदलत असतं, म्हणून दाजी निघण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चालू मर्यादा आणि चालू दर बघा. मर्यादा प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते. दाजींसोबतचा सहकारी आपली उरलेली मर्यादा त्यांच्या लेन्सला जोडू शकत नाही.

हिशेब सोपा जावा म्हणून धरू की कर वजा जाऊन लेन्स ८०,००० रुपयांना पडली. हा आकडा माझ्या मनाचा आहे, खरा भाव तुम्ही बघायचा. दाजी ताईसाठी आणि मुलांसाठी आणखी १५,००० रुपयांची खरेदी करतील. एकूण ९५,०००. मर्यादा ५०,००० धरली तर जादा रक्कम ४५,००० आणि तिच्यावर कर १७,३२५. दाजींनी क्रेडिट कार्ड वापरलं आणि बँकेने परकी चलनाचे ३.५ टक्के लावले तर २,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४. लेन्स तुमच्या हातात येईस्तोवर १,००,६२९ रुपये झाले. मर्यादा ७५,००० धरली तर जादा रक्कम २०,००० उरते, कर ७,७०० होतो आणि बेरीज ९१,००४ वर येते.

या बेरजेसमोर पुण्या-मुंबईच्या अधिकृत दुकानातला आजचा भाव मांडा. सणासुदीची सूट असेल तर तीही धरा. फरक चार-पाच हजारांचा निघाला तर माझं मत स्पष्ट आहे: मागवू नका. इथल्या पावतीवर इथल्या सर्व्हिस सेंटरची वॉरंटी असते. बाहेरून आणलेल्या लेन्सला ती मिळणार नाही असं धरूनच चालावं. आत मोटर आणि आयएसचं नाजूक यंत्र असलेल्या लेन्सच्या एका दुरुस्तीत चार-पाच हजार सहज जातात. फरक पंधरा-वीस हजारांचा असेल तर मागवण्यात अर्थ आहे.

त्या हिशेबातली एक बारीक गोष्ट बघितलीत का? लेन्स नसती तर दाजींच्या पंधरा हजारांच्या खरेदीवर एक पैसा कर लागला नसता. लेन्सने त्यांची मर्यादा खाल्ली. म्हणून कस्टमची पूर्ण पावती तुमची. "लेन्सवरचा तेवढा मी देतो" असं म्हणू नका. ताईला ऐकून घ्यावं लागतं ते बहुधा अशाच हिशेबांवरून.

तुमच्या मित्राचा डबा टाकायचा सल्ला मी बाजूला ठेवते, आणि तो केवळ नियमाविरुद्ध आहे म्हणून नव्हे. डबा टाकला म्हणजे लेन्स वापरलेली, आपलीच, असं भासवायचं. पण विचारायची वेळ आली तर खिडकीपाशी उभे दाजी असतील, तुम्ही नाही. भारतातून जाताना नेलेली महागडी वस्तू असेल तर निघतानाच कस्टमकडून तसा दाखला करून घेता येतो. त्यांच्याकडे तो नसेल. लेन्स कोरी, फोनमध्ये दुकानाची पावती आणि बरोबर कॅमेरा नाही. कंपनीच्या कामाला गेलेल्या माणसाला दहा दिवसांच्या दगदगीनंतर पहाटे विमानतळावर खोटं बोलायला लावायचं, तेही मेव्हण्याच्या छंदापायी? त्यांनी लाल मार्गाने जावं, पावती दाखवावी, कर भरावा आणि बाहेर पडावं. हे त्यांना मंजूर नसेल तर लेन्स आणूच नये, आणि तसं म्हणायची मोकळीक निरोपातच द्यायला हवी.

बायकोचं म्हणणं मला अर्धं पटतं. मागण्यात गैर काही नाही. गैर आहे ते अंधारात मागणं. तुमच्या निरोपात किंमत नव्हती, वजन नव्हतं, कस्टम नव्हतं. दाजींना वाटलं असेल, शे-दोनशे डॉलरची काहीतरी वस्तू असेल. "जमलं तर" म्हणून तुम्ही त्यांना सूट दिलीत असं तुम्हाला वाटतं, पण आपल्याकडे मेव्हण्याने "जमलं तर" म्हटलं की दाजींना ते जमवावंच लागतं. नाही म्हणायला त्यांना कारण लागतं. ते कारण तुम्हीच पुरवा: "इथेही मिळते, मी घेणारच आहे."

म्हणून निरोप दोन करा. पहिला विचारण्याचा, त्यात मॉडेल नको. साधारण असा:

"दाजी, परवा घाईत लिहिलं, आता नीट सांगतो. लेन्स ऐंशी हजारांच्या आसपासची आहे. वजन पाऊण किलो, डब्यासकट थोडं जास्त. हातातल्या बॅगेतून आणावी लागेल, आणि येताना कस्टममध्ये दाखवून कर भरावा लागेल. तो सगळा माझा. तुमचा दुकानात तासभर आणि विमानतळावर अर्धा-पाऊण तास जाईल. पैसे तुम्ही निघायच्या आधी तुमच्या खात्यात टाकतो. तुम्ही कुठल्या शहरात उतरणार आणि संध्याकाळी मोकळे असता का, तेवढं कळवा. सामान जास्त असेल किंवा कामाची गडबड असेल तर बिनधास्त नाही म्हणा. पुण्यातही मिळते, मी दसऱ्याला घेईन."

यातलं शहराचं वाक्य गाळू नका. "जपान" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोकियोतलं शिंजुकू उभं राहतं, तिथली योदोबाशी कॅमेरा आणि मॅप कॅमेरा ही दुकानं उभी राहतात. पण मोटारींच्या कारखान्यांची कामं बऱ्याचदा नागोयाच्या परिसरात असतात. तिथे स्टेशनजवळ बिक कॅमेरा आहे, पण दाजींची राहण्याची सोय स्टेशनपासून तासभर लांब असली तर मोकळी संध्याकाळ तेवढ्यात संपेल. वाटेत नसलेल्या दुकानासाठी त्यांना पाठवू नका.

दाजींचा होकार आला की दुसरा निरोप. हा दाजींना दुकानात फोन पुढे करून दाखवता आला पाहिजे, म्हणून त्यात आर्जव नको, आठवणी नकोत, "ते आपलं" नको. लेन्सचं नाव लेन्सवर छापलं आहे तसंच लिहायचं:

```
हवी:  Canon RF100mm F2.8 L MACRO IS USM   (नवी, १ नग)
नको:  EF100mm F2.8L MACRO IS USM
नको:  RF85mm F2 MACRO IS STM
```

नको असलेल्यांची नावं लिहिणं हट्टीपणाचं वाटेल, पण चूक नेमकी त्याच दोन दारांतून आत येते. जोडीला त्या दुकानाच्या जपानी संकेतस्थळावरचं याच लेन्सचं पान उघडून त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. त्यावर नाव, किंमत आणि दुकानाचा क्रमांक असतो, विक्रेत्याला बोलावंही लागत नाही. डब्यावरच्या बारकोडचे १३ आकडे त्या पानावर मिळाले तर तेही उतरवून ठेवा. जपानी मालाचा हा आकडा ४५ किंवा ४९ ने सुरू होतो. दाजी डबा हातात घेऊन आकडे जुळवतील, बस्स.

दुकानाच्या पानावर आणखी एक गोष्ट कळते. योदोबाशीसारख्या साखळीच्या संकेतस्थळावर कुठल्या शाखेत माल शिल्लक आहे ते दिसतं. महागड्या लेन्स प्रत्येक शाखेत ठेवलेल्या नसतात. "तोरियोसे" असं लिहिलं असेल तर मागवून देतील, आणि दहा दिवसांच्या पाहुण्यासाठी त्याचा अर्थ नाही असाच होतो. दाजी निघायच्या दिवशी आणि दुकानात जायच्या दिवशी सकाळी हे पान तुम्ही बघायचं, त्यांनी नाही. किमतींची तुलना करायला kakaku.com सोयीचं आहे, पण तिथला सर्वांत खालचा भाव बऱ्याचदा घरपोच विकणाऱ्या छोट्या दुकानाचा असतो. दाजींना तो काउंटरवर मिळणार नाही, तेव्हा हिशेबाला धरू नका.

याच निरोपात थांबायच्या जागा लिहा. आपण लेन्सचं वर्णन करतो आणि हे विसरतो. "इतक्या येनपर्यंत असेल तर घ्या, वर असेल तर घेऊ नका. हीच नसेल तर दुसरी कुठली घेऊ नका. एका दुकानात नाही मिळाली तर तिथेच विषय सोडून द्या, दुसरं दुकान शोधू नका." हे वाचून दाजींच्या खांद्यावरचं ओझं उतरेल, कारण आता त्यांना कसलाच निर्णय घ्यायचा नाही. तुम्हाला फोन करावा लागला तरी वेळेचं भान ठेवा: जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं. त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे तुमचे साडेतीन, शाळा सुटायच्या आधीचे. तेवढ्या दिवशी फोन खिशात चालू ठेवा.

वापरलेली लेन्स मागवू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण टोकियोतल्या जुन्या मालाच्या दुकानांची कीर्ती ऐकून मर्यादेत बसवण्यासाठी तो विचार येईलच. चांगल्या दुकानात प्रत्येक लेन्सवर दर्जाची चिठ्ठी असते आणि दोष प्रामाणिकपणे लिहिलेला असतो. "काबी" म्हणजे बुरशी आणि "कुमोरी" म्हणजे काचेवरचा धूसरपणा. पण ही चिठ्ठी जपानीत असते. शिवाय लेन्समधून टॉर्च मारून आतले कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ओळखणं कधी लेन्स हातात न धरलेल्या माणसाकडून होणार नाही. आणि झालीच चूक तर दोष कुणाचा? वापरलेली हवी असेल तर ती भारतातच, स्वतः डोळ्यांनी पाहून घ्या. साताऱ्याच्या पावसाळी हवेत राहिलेली लेन्स कशी दिसते ते तुम्हाला ठाऊक असेलच.

पैशांचं थोडक्यात. दाजी निघायच्या चार दिवस आधी लेन्सची किंमत, दहा टक्के जास्त, आणि अंदाजे कस्टमचा कर एवढी रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यात टाका. कंपनीने दिलेल्या कार्डावर ही खरेदी होता कामा नये, ते त्यांना आधी बोलून घ्या. नोकरदार माणसाला नंतर खुलासे देत बसावे लागतात. स्वतःचं कार्ड वापरताना मशीनने "रुपये की येन" विचारलं तर येन निवडायचं. रुपये निवडले की दुकानाकडचा दर लागतो आणि तो क्वचितच आपल्या फायद्याचा असतो.

काउंटरवर त्यांनी करायचं काम एका मिनिटाचं: डबा उघडून लेन्सवर आरएफ आणि १०० ही अक्षरं वाचायची, डब्याच्या आणि लेन्सच्या अनुक्रमांकाचा फोटो काढायचा, पावती पासपोर्टच्या पाकिटात ठेवायची. तोंडावरचं हूड डब्यातच येतं, वेगळं घ्यायला लावू नका. डबा फेकायचा नाही. लेन्स चेक-इनच्या सुटकेसमध्ये नको. नियमाने चालतं, तिच्यात बॅटरी नसते, पण आदळआपटीचं नुकसान कुणीच भरून देत नाही. हातातल्या बॅगेला बऱ्याच विमान कंपन्यांची सात किलोची मर्यादा असते आणि लॅपटॉप धरून दाजी आधीच पाचवर असतील. पाऊण किलो सांगितलंत त्यामागचं कारण हेच.

हे दोन्ही निरोप दाजींना जायच्या आधी पहिला ताईला वाचून दाखवा. ती परवानगी द्यायला बसलेली नाही, पण दाजींचं वेळापत्रक, त्यांचा स्वभाव आणि त्या दहा दिवसांत त्यांच्यावर आधीच किती जणांच्या ऑर्डरी आहेत हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. सासूबाईंचं गुडघ्याचं औषध, पुतण्याची खेळणी, ऑफिसातल्यांची चॉकलेटं या यादीत तुमचा पाऊण किलो कुठे बसतो ते तीच सांगेल. ती "या वेळी नको रे" म्हणाली तर पहिला निरोपही पाठवू नका. परवाच्या निरोपावर एवढंच लिहा: "दाजी, लेन्सचं इथेच जमलं, तुम्ही त्रास घेऊ नका. प्रवास नीट करा."

आणि लेन्स आलीच, तर कुरिअरने पाठवा म्हणू नका. येत्या रविवारी स्वतः जाऊन आणा, कॅमेरा सोबत घेऊन जा. दाजींसमोरच लावा, आयएस चालू-बंद करून बघा, फोकस जवळून लांब आणि लांबून जवळ फिरवून बघा. एक फोटो त्यांच्या घड्याळाच्या काट्यांचा काढा आणि त्यांना दाखवा. कस्टमची पावती मागून घ्या, आगाऊ दिलेल्यातून काय उरलं, काय कमी पडलं ते तिथेच चुकतं करा. आणि निघताना ताईच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा द्या.